स्फोट जड होतो तो धुरामुळे

कणांची संख्या वाढवून स्फोट भरगच्च होत नाही, गेम मात्र अडखळतो. माझा पहिला स्फोट म्हणजे धुराचे 300 कण होते. लांबून ठीक, कॅमेरा जवळ नेला की फ्रेमरेट कोसळायचा. कारण अर्धपारदर्शक कण एकमेकांवर आले की तोच पिक्सेल पुन्हापुन्हा रंगवावा लागतो.

सुरुवातीला एवढंच कर:

- एकच मोठा झगमगाट, 0.1 सेकंदाचा. निम्मा परिणाम तोच साधतो.
- ठिणग्या 30-40. आकाराने बारीक, म्हणून स्वस्त.
- धुराचे 8-10च कण, पण फ्लिपबुक टेक्स्चरचे, म्हणजे धुराच्या हालचालीच्या फ्रेम्स ओळीने मांडलेलं एकच चित्र. हालचाल चित्रातच असते. प्रत्येकाचा कोन वेगळा ठेव, नाहीतर ठसे मारल्यासारखे दिसतात.

गेममधल्या जादूच्या मंत्राच्या इफेक्टलाही हीच विभागणी चालते. मग कोणता पिक्सेल किती वेळा रंगवला जातो ते दाखवणारा ओव्हरड्रॉ व्ह्यू लाव: मधोमध पांढराफटक डाग दिसला, तर आधी धूर कमी कर. ठिणग्यांना हात लावू नकोस.