अप्रेझल फॉर्ममध्ये हुकलेलं टार्गेट कसं लिहावं?

प्रश्न: सेल्फ असेसमेंट भरतोय, एक टार्गेट पूर्ण झालं नाही. ते लिहू की गाळू?

लिहाच, आणि पहिल्याच वाक्यात आकडा टाका. मी माझ्या टीमचे फॉर्म दरवर्षी वाचते, मॅनेजरकडे तो आकडा आधीच असतो, त्यामुळे गाळलेली गोष्ट लगेच दिसते आणि मग बाकीच्या चांगल्या ओळींवरही शंका येते. "अडचणी असूनही पूर्ण प्रयत्न केले" यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"90 टक्के तक्रारी 48 तासांत सोडवायच्या होत्या, वर्षाची सरासरी 78 आली. पहिल्या सहामाहीत 66 होती, कारण तक्रारी आल्या त्या क्रमाने घेत होतो आणि किचकट तक्रारींमागे सोप्या अडकायच्या. जुलैपासून सकाळीच दोन्ही वेगळ्या करायला लागलो, दुसऱ्या सहामाहीत 90 झाली."

यात चूक स्वतःची म्हणून मान्य आहे, काय बदललं ते आहे, आणि रिपोर्ट उघडून कोणीही तपासू शकतं. बदल टीमने मिळून केला असेल तर तसंच लिहा, फक्त त्यातलं तुमचं काम वेगळं सांगा. एक मात्र बघा, टार्गेट वर्षाच्या मध्येच बदललं असेल तर ते कधी आणि कोणत्या मेलने बदललं हे आधी लिहा, नाहीतर जुन्या टार्गेटवरच मोजलं जाऊ शकतं.