पहिल्याच प्रयत्नात क्लास लावू की घरीच अभ्यास करू?

"दादा, मी सेलूजवळच्या खेड्यातला. बी.ए. झालंय, एमपीएससीच्या गट-ब ची संयुक्त पूर्व पहिल्यांदाच देतोय. यूट्यूबवर सगळं फुकट आहे, पण मित्र म्हणतात पुण्याला जाऊन क्लास लाव. घरचे कापूस विकून फी भरायला तयार आहेत. काय करू?"

पूर्वसाठी आत्ताच पैसे भरू नकोस. आधी आयोगाच्या mpsc.gov.in वरून एक जुनी प्रश्नपत्रिका काढ आणि घड्याळ लावून सोडव. 100 प्रश्न, एक तास, चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण वजा. तपासायला अंतिम उत्तरतालिका घे, पहिली नको. हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात, आणि फुकट फिरणाऱ्या नोट्समध्ये बऱ्याचदा पहिलीतलीच उत्तरं राहून गेलेली असतात.

गुण मोजून थांबू नकोस, चुका वेगळ्या काढ. आमच्या परभणीच्या अभ्यासिकेतल्या एका पोराचा पेपर सांगतो. त्यानं 82 प्रश्न सोडवले, 44 बरोबर, 38 चूक. म्हणजे 44 वजा साडेनऊ, हातात साडेचौतीस. तो म्हणाला, "माझं वाचनच कमी आहे, क्लासच लावतो." आम्ही बसून 38 चुका पाहिल्या. मुळात माहीतच नव्हतं असे 13 प्रश्न निघाले. घाईत 'चुकीचे विधान ओळखा' मधलं 'चुकीचे' सुटलं असे 9. उरलेले 16 वाचलेलेच होते, पण ऐनवेळी गोंधळ झाला. अध्यादेश त्याला पक्का ठाऊक होता, फक्त राष्ट्रपतींचं कलम 123 आणि राज्यपालांचं 213 यांची अदलाबदल झाली. शिवाय न सोडवलेल्या 18 पैकी 11 प्रश्न अंकगणित-बुद्धिमत्तेचे होते. तिथपर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

आता बघ, या गोंधळाच्या 16 पैकी 10 जरी बरोबर आले असते, तरी प्रत्येकी सव्वा गुण, म्हणजे साडेबारा वाढून तो 47 वर गेला असता. हे साडेबारा गुण कुठल्याच लेक्चरमधून मिळत नाहीत. तेच पुस्तक तिसऱ्यांदा उघडून आणि त्याच विषयाचे जुने प्रश्न सोडवून मिळतात. माहीत नसलेल्या 13 साठी बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, आणि त्यावर प्रत्येक विषयाचं एकच संदर्भपुस्तक घे. गणिताला मात्र रोज अर्धा तास घड्याळ लावून सराव लागतो. महिनाभर करूनही गाडी तिथंच अडली, तर फक्त गणिताचा क्लास लाव, अख्खी बॅच नको.

फुकट मालाची खरी अडचण अशी की एका राज्यघटनेसाठी पोरं चार चॅनल बघतात आणि दिवसभर ऐकल्यावर अभ्यास झाल्यासारखं वाटतं. एका विषयाला एकच शिक्षक धर. लेक्चर जुनं तर नाही ना, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. सर 29 राज्यं म्हणत असतील तर ते 2019 मधलं किंवा त्याआधीचं. आज 28 राज्यं आणि 8 केंद्रशासित प्रदेश आहेत. घटनादुरुस्त्या 103 व्या, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या पुढे जातच नसतील, तरी ते जुनंच समज. पैसे घेऊन विकलेल्या रेकॉर्डेड बॅचमध्येही हे सापडतं, म्हणून फी भरण्याआधी डेमो बघताना हेच तपास.

पुण्याचं म्हणशील तर फी हा खर्चाचा एक भागच आहे. खोली, मेस आणि अभ्यासिका दर महिन्याला चालूच राहतात, आणि परीक्षा पुढे ढकलली की कापसाचा हिशोब तिथंच कोलमडतो. ते पैसे पुढं लागतील. गट-ब ची मुख्यही पर्यायीच आहे, तिथंही वरचीच पद्धत चालते. पण राज्यसेवेची मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. उद्या तिकडं वळलास तर लिहिलेलं उत्तर दुसऱ्यानं तपासून द्यावंच लागतं, आपलं आपल्याला ते जमत नाही. तेव्हा भरलेली फी कामाची. त्या वेळीही आधी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली वही मागून बघ. नुसते टिकमार्क आणि 'छान' असेल तर परत ये. काय सुटलं, कुठला मुद्दा आधी हवा होता हे शेजारी लिहिलेलं असेल तर बोल.

आत्ता फक्त पूर्वच्या आधीच्या महिन्यासाठी एक टेस्ट सिरीज घे, ती फार महाग नसते. दर पेपरनंतर वरच्यासारखी चुकांची वाटणी कर. चार-पाच पेपरनंतरही 'माहीतच नव्हतं' हाच ढीग सगळ्यात मोठा राहिला, आणि पुस्तक घेऊन एकट्याला बसवतच नसेल, तर क्लास लाव. परभणीला, घरून जाऊन-येऊन जमेल असा बघ आणि फी हप्त्यानं भर.