बोर्डाने एमडीपदावरून काढलं, मग संचालकपद आणि करार यांचं काय?

«प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी एमडी होतो, माझे २६ टक्के शेअर्स आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पाच वर्षांचा करार, पगार आधी महिना दोन लाख, ऑक्टोबर २०२४ पासून अडीच. ३० सप्टेंबर २०२५ ला बोर्डाने ठराव करून काढलं. आता म्हणतात, सगळं संपलं, राजीनाम्यावर सही करा. मी अजून डायरेक्टर आहे का? उरलेल्या कराराचं काही मिळेल का?»

आधी एक काम करा: राजीनाम्यावर सही करू नका. «सन्मानाने बाहेर पडा» असं म्हणून पुढे केलेला तो कागद बहुतेक वेळा पैसे वाचवण्यासाठीच असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०२ प्रमाणे जो एमडी स्वतः राजीनामा देतो, त्याला पद गेल्याची भरपाई देताच येत नाही.

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो आणि असे ठराव लिहिणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. गोंधळ नेहमी एकाच ठिकाणी होतो. तुमची कंपनीशी दोन वेगवेगळी नाती आहेत. संचालक म्हणून तुम्हाला भागधारकांनी नेमलं आहे. ती नेमणूक कायद्याने आणि आर्टिकल्सने, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीने, चालते, आणि तिच्यासाठी पगार असलाच पाहिजे असं नाही. एमडी म्हणून कंपनीचा रोजचा कारभार तुमच्या हाती दिला गेला, तो करारामुळे किंवा ठरावामुळे. पगार, मुदत, नोटीस पीरियड हे सगळं तिथून येतं. एमडी होण्यासाठी संचालक असावं लागतं. पण एमडीपद गेलं म्हणून संचालकपद आपोआप जात नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, तुम्ही अजून डायरेक्टर आहात. बोर्ड दिलेले अधिकार काढून घेऊ शकतं, पण संचालकाला मुदतीआधी काढणं कलम १६९ खाली भागधारकांच्या सभेचं काम आहे. टाटा सन्सचं प्रकरण आठवा. सायरस मिस्त्रींना बोर्डाने २४ ऑक्टोबर २०१६ ला कार्यकारी अध्यक्षपदावरून काढलं, तरी ते संचालक होतेच. संचालकपद गेलं ते ६ फेब्रुवारी २०१७ च्या विशेष सर्वसाधारण सभेत. एवढ्या बड्या कंपनीलाही दुसरी पायरी गाळता आली नाही.

तुमच्या बाबतीत ती पायरी अशी पडेल. एखादा भागधारक कंपनीला विशेष सूचना देईल, सभेच्या किमान १४ दिवस आधी. तिची प्रत कंपनीने तुम्हाला लगेच पाठवायची. तुम्ही लेखी म्हणणं देऊ शकता आणि ते सभासदांना पाठवा असं सांगू शकता. सभेत बोलण्याचा हक्कही आहे. मात्र ठराव साधा असतो, निम्म्याहून जास्त मतं पुरतात. तुमच्या २६ टक्क्यांनी तीन-चतुर्थांश मतं लागणारा विशेष ठराव अडतो, हा अडत नाही. बाकीचे एकत्र असतील तर तुम्ही हरणार, हे धरूनच चाला. ठराव आणणाऱ्या भागधारकाने काढण्याचं कारण सांगितलंच पाहिजे असंही नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये एस्कॉर्ट्सच्या खटल्यात म्हटलं आहे.

तोवर बोर्डाच्या बैठकीची सात दिवसांची लेखी नोटीस तुम्हाला मिळालीच पाहिजे, आणि हिशेबाची पुस्तकं पाहण्याचा हक्कही कायम आहे. रागाने बैठकांना जाणं सोडू नका. सलग १२ महिने एकाही बैठकीला गेला नाहीत, तर कलम १६७ खाली पद आपोआप रिकामं होतं. आणि एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर आपलं नाव तपासत राहा. बोर्डाच्या ठरावानंतर DIR-12 फॉर्ममध्ये फक्त पदनाम बदलायला हवं, एमडीचं डायरेक्टर. तिथे «राजीनामा» दाखवून तुमचं नावच उडवलेलं दिसलं, तर त्या दिवशीच कंपनीला आणि रजिस्ट्रारला लेखी हरकत पाठवा.

आता पैसे. कंपनीला तुम्हाला काढण्याचा अधिकार आहे, पण ते फुकट होतं असं नाही. कलम १६९ च्याच शेवटी लिहिलं आहे की करारानुसार मिळणारी भरपाई या कलमामुळे बुडत नाही. यावर इंग्लंडमधला शर्लॉचा जुना खटला आपले वकील अजूनही दाखवतात. त्याला १९३३ मध्ये दहा वर्षांसाठी एमडी नेमलं होतं. मग कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. त्यांनी आर्टिकल्स बदलून संचालक काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याला संचालकपदावरून काढलं. संचालक नाही म्हणजे एमडीही नाही, असा त्यांचा हिशेब. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४० मध्ये सांगितलं की आर्टिकल्स बदलता येतात, काढताही येतं, पण दहा वर्षांचा करार कंपनीनेच मोडला. १२,००० पौंडांची भरपाई कायम राहिली. याच्या उलट १९५२ च्या ॲस्टोरिया गॅरेजच्या खटल्यात एमडीकडे वेगळा करारच नव्हता, फक्त आर्टिकल्सप्रमाणे नेमणूक होती. त्याला काही मिळालं नाही.

तेव्हा तुमचा करार काढा आणि मुदत संपवण्याचं कलम शोधा. सगळं तिथे ठरतं.

समजा तिथे पाच वर्षं एवढंच आहे, मध्येच संपवण्याची तरतूद नाही. ३१ मार्च २०२८ पर्यंत ३० महिने उरले. कलम २०२ ची कमाल मर्यादा म्हणजे उरलेली मुदत किंवा तीन वर्षं, यांतलं जे कमी ते. दर शेवटच्या पगाराचा नसून मागच्या तीन वर्षांच्या सरासरीचा असतो, आणि पद तीन वर्षांहून कमी काळ असेल तर तेवढ्याच काळाच्या सरासरीचा. तुमचे १८ महिने दोन लाखांचे आणि १२ महिने अडीच लाखांचे, म्हणजे सरासरी दोन लाख वीस हजार. गुणिले ३०, झाले ६६ लाख. तुमच्या मनात बहुधा ७५ असतील.

पण हे कलम मर्यादा घालतं, हक्क देत नाही. हक्क करारातून येतो. करारात «कोणत्याही बाजूने तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार» असं असेल, तर गोष्ट साधारण साडेसात लाखांवर संपते. पाच वर्षांची मुदत तिथे फक्त जास्तीत जास्त किती, एवढंच सांगते. पहिल्या पानावरची मुदत वाचून लोक खूश होतात आणि नवव्या पानावरचं हे वाक्य वाचतच नाहीत.

कोर्टात गेलात तर दुसरी नोकरी शोधली का, हेही विचारलं जाईल. नुकसान कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही करायचा असतो, आणि नवीन कमाई रकमेतून वजा होऊ शकते. फसवणूक, विश्वासघात किंवा घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर कलम २०२ खाली काहीच देता येत नाही. त्यामुळे ठरावानंतर अचानक जुन्या बिलांची चौकशी सुरू झाली तर नवल वाटून घेऊ नका. आपल्या मंजुऱ्यांचे ईमेल आणि मिनिट्स जपून ठेवा. ऑफिसचं लॉगिन बहुतेक पहिल्या आठवड्यातच बंद होतं.

एमडीची खुर्ची कोर्टातून परत मिळेल अशी आशा ठेवू नका. व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सहसा जबरदस्तीने चालवायला लावत नाही. २६ टक्क्यांवर तुम्ही एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दडपशाहीची तक्रार करू शकता. पण मिस्त्री प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये नुसतं पदावरून काढणं म्हणजे दडपशाही नव्हे, असाच सूर लावला. कंपनी घरगुती भागीदारीसारखी चालत असेल आणि सगळ्यांनी कारभारात राहायचं असं ठरलेलं असेल, तर बाजू थोडी वजनदार होते. तिथेही शेवट बहुधा योग्य भावात शेअर्स विकत घेण्याच्या आदेशावर होतो.

आणि बँकेची पर्सनल गॅरंटी. कंपनीच्या कर्जाला तुम्ही सही केली असेल, तर पद गेल्याने ती सुटत नाही. बँकेला आजच लेखी कळवा की तुम्ही एमडी नाही आहात, नव्या उचलीसाठी गॅरंटी मागे घेत आहात, आणि आजची बाकी लेखी मागून घ्या. जुन्या बाकीतून सुटायला बँकेची संमती लागते, म्हणून तडजोडीच्या बोलणीत ६६ लाखांच्या आधी ती मुक्तता मागा.