सात वीस मोठे की सहा साठ?

अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या कंपनीचं पॅकेज ७ लाख २० हजार आणि वागळे इस्टेटच्या कंपनीचं ६ लाख ६० हजार, म्हणून तू ऐरोलीला हो म्हणायला निघाला आहेस. थोडं थांब. हे दोन्ही आकडे सीटीसीचे आहेत, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला येणारा खर्च. त्याला बारानं भागलं की पगार निघतो, असं नसतं.

होकार द्यायच्या आधीच दोन्हीकडच्या एचआरना ईमेल कर: "महिन्याचा सॅलरी ब्रेकअप आणि हातात येणारी रक्कम लेखी कळवाल का?" यात संकोच नको. हा तक्ता त्यांच्याकडे तयारच असतो. फोनवर "साधारण पन्नासच्या आसपास पडतील" असं उत्तर आलं तर ते हिशेबात धरू नकोस.

ब्रेकअप हातात आल्यावर काय दिसू शकतं ते बघ. समज, ऐरोलीच्या सीटीसीत ७२ हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे दर महिन्याच्या पगारात न येणारी, कमी-जास्त मिळू शकणारी रक्कम. बेसिक ३० हजार, त्याच्या १२ टक्के म्हणजे दरमहा ३,६०० कंपनीचा पीएफ, तोही सीटीसीतच. शिवाय ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता. हे सगळं वजा जाता महिन्याचा ग्रॉस ४८ हजार उरतो. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ ३,६०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ४४,२००. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर इन्कम टॅक्स लागत नाही, ती काळजी नको.

वागळे इस्टेटला व्हेरिएबल नाही, विमा सीटीसीबाहेर आणि पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे १,८००, असं धर. ग्रॅच्युइटी वजा केली तरी हातात जवळपास ४९,९०० येतात. पॅकेज साठ हजारांनी कमी, पण दर महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त.

मात्र इथेच निकाल लावू नकोस. पीएफ तुझाच पैसा आहे, आणि ऐरोलीत दोन्ही वाटे मिळून महिन्याला ३,६०० जास्त साठतात. ते धरले की फरक दोन हजारांवर येतो. ग्रॅच्युइटीला मात्र मी तुझ्या जागी फार किंमत देणार नाही. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं काढल्यावरच मिळते.

आता सगळं व्हेरिएबलवर आलं. ते पूर्ण मिळालं तर ऐरोली सरळ पुढे जाते, शून्य मिळालं तर मागे पडते, आणि साधारण ३५ टक्क्यांवर बरोबरी होते. म्हणून ऐरोलीच्या एचआरला आणखी एक ईमेल टाक: गेल्या दोन वर्षांत या पदावरच्यांना व्हेरिएबल किती टक्के मिळालं, कधी मिळालं, आणि मध्येच नोकरी सोडली तर बुडतं का? या उत्तरासाठी दोन दिवस थांबावं लागलं तरी थांब. तोवर वागळे इस्टेटवाल्यांना नाही म्हणू नकोस.