एसीचा प्लग गरम होतो, एमसीबी मात्र पडत नाही

प्रश्न: एसी एक्स्टेन्शन बोर्डावर आहे. प्लग तापतो, पण एमसीबी पडत नाही. चालेल का?

नाही, आजच काढा. दीड टनाचा एसी साधारण 7-8 अँपिअर ओढतो, आणि साधा बोर्ड 6 अँपिअरचा असतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला मात्र हे 8 अँपिअर नेहमीचेच वाटतात, म्हणून ती पडत नाही. उष्णता तयार होते पिन आणि सॉकेटच्या सैल पकडीत. तापून पितळी पट्टी आणखी सैल होते, काळी पडते, मग अजूनच तापते. परभणीत आमच्या घरी मे महिन्यात असाच जळका वास आला. मल्टिप्लग काढला तर त्याचं प्लास्टिक पिनेला चिकटलेलं होतं. वायरमनकडून मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढून 16 अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या. हिवाळ्यातला 2000 वॅटचा हीटरसुद्धा त्यावरच लावा, पण एसीसोबत नाही.