‘स्वीकारली’ की ‘फेटाळता येत नाही’?

प्रश्न: आमच्या जुन्या संख्याशास्त्राच्या उत्तरांत शेवटी ‘म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली’ असे लिहिले की पूर्ण गुण मिळत. आता मुलीच्या वहीत ‘फेटाळता येत नाही’ असे दिसते. मराठीत यांत खरोखर फरक आहे का, आणि नेमके काय लिहावे?

फरक आहे, आणि तो नुसत्या शैलीचा नाही. नाशिकच्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पेटीवर निव्वळ वजन ५००० ग्रॅम छापलेले आहे आणि पेट्या हलक्या भरतात अशी घेणाऱ्याची तक्रार आहे, असे समजा. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १० पेट्यांची सरासरी ४९६० ग्रॅम आणि नमुन्यावरून काढलेले प्रमाण विचलन ७० ग्रॅम आले. जुन्या पद्धतीच्या उत्तराची सुरुवात अशी होई:

H₀: μ = ५०००
H₁: μ < ५०००

येथे ‘शून्य’ म्हणजे छापील आणि खऱ्या सरासरी वजनातला फरक शून्य. μ हे सर्व पेट्यांच्या सरासरीचे चिन्ह आहे, त्या १० पेट्यांच्या नव्हे. त्यामुळे H₀ मध्ये ४९६० हा आकडा लिहिणारा विद्यार्थी पहिल्याच ओळीत चुकतो. तक्रार हलक्या पेट्यांची असल्यामुळे पर्यायी परिकल्पना एकाच बाजूची आहे, मात्र ही बाजू वजने पाहण्यापूर्वी ठरलेली असली पाहिजे. काही जण परिकल्पनेला ‘गृहीतक’ म्हणतात. मी ते टाळतो, कारण ‘पेट्यांची वजने प्रसामान्य वितरणानुसार आहेत’ हे आपण खरोखर गृहीत धरतो आणि ‘गृहीतक’ हा शब्द तेथेच हवा. जे तपासायचे आहे, ती परिकल्पना.

आता चाचणी. समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक नाही आणि नमुना लहान आहे, म्हणून टी-चाचणी. प्रमाण त्रुटी ७० ÷ √१० म्हणजे सुमारे २२.१४ ग्रॅम, आणि म्हणून

t = (४९६० − ५०००) ÷ २२.१४ = −१.८१

९ स्वातंत्र्य मात्रा आणि ५ टक्के सार्थकता पातळी यांसाठी एका बाजूचे तक्त्यातील मूल्य १.८३३ आहे, म्हणजे परिकल्पना फेटाळण्यासाठी t हा −१.८३३ पेक्षा कमी यायला हवा होता. तो थोडक्यात अलीकडे राहिला. याच जागी कोणी घाईने झेड-चाचणी लावली, तर तिचे मूल्य १.६४५ असल्यामुळे निर्णय थेट उलटतो. चाचणी का निवडली त्याचे एक वाक्य जुने परीक्षक मागत, ते मला आजही रास्त वाटते.

यानंतर ‘परिकल्पना स्वीकारली’ असे लिहिले तर काय बिघडते? त्याच १० पेट्यांवर H₀: μ = ४९५० ही परिकल्पना तपासून पाहा. t येतो ०.४५, म्हणजे तीही फेटाळली जात नाही. मग खरी सरासरी ५००० असल्याचेही आपण स्वीकारले आणि ४९५० असल्याचेही. मराठीत ‘स्वीकारणे’ म्हणजे एखादी गोष्ट खरी मानून पदरात घेणे. दोन परस्परविरोधी गोष्टी अशा पदरात घेता येत नाहीत. मात्र दोन्ही ‘फेटाळता येत नाहीत’ असे म्हणण्यात कोणताही विरोध नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये हेच बजावले होते, की शून्य परिकल्पना सिद्ध कधीच होत नाही, फार तर खोडली जाते.

तरीही जुन्या उत्तरांना मी अडाणी म्हणणार नाही. जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या मांडणीत ‘स्वीकारणे’ हा कृतीचा शब्द आहे: माल पुढे जाऊ द्यायचा की अडवायचा, एवढाच निर्णय. त्या अर्थाने तो शब्द बरोबरच होता. तो सत्याविषयीचा निवाडा म्हणून वाचला जाऊ लागला, तेथे घोटाळा झाला.

‘नाकारणे’ चालते, पण मला ‘फेटाळणे’ अधिक नेमके वाटते. निमंत्रण कारण न देताही नाकारता येते. अर्ज फेटाळायचा तर तो आधी तपासावा लागतो. तसेच ‘सार्थक फरक नाही’ हे वाक्य सैल आहे, कारण वाचणारा ‘सार्थक’ गाळतो आणि ‘फरक नाही’ एवढेच लक्षात ठेवतो. ‘सार्थक फरक आढळला नाही’ असे लिहिल्याने बोलणे नमुन्यापुरते राहते.

मुलीच्या वहीत शेवट असा असावा: ‘५ टक्के सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही. पेट्यांचे सरासरी वजन ५००० ग्रॅमपेक्षा कमी आहे, असे म्हणण्याइतका पुरावा या १० पेट्यांच्या नमुन्यात मिळत नाही.’ दुसरे वाक्य गाळू नये. पेटी, ग्रॅम आणि तक्रार यांच्याकडे उत्तर परत येते ते त्याच वाक्यात, आणि जुन्या परीक्षकांचा शेवटचा गुणही बहुधा त्यालाच असे.