एपीआयचं जुनं व्हर्जन बंद होण्याआधी मुदत वाढवून मागायची आहे, पत्रात काय लिहू?

प्रश्न: आमची छोटी कंपनी आहे, वितरकांसाठी बिलिंग आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही ज्या कुरिअर एपीआयवर अवलंबून आहोत त्याचं व्ही१ ३१ मार्चला बंद होतंय. आमचं काम तोवर पुरं होणार नाही. मुदत मागणारं पत्र कसं लिहावं?

उत्तर:

मी काही वर्षं पलीकडच्या बाजूला, एपीआय चालवणाऱ्या टीममध्ये होतो. अशी पत्रं वाचायची आणि त्यावर हो-नाही ठरवायचं काम माझ्याकडे होतं. "आम्ही छोटे आहोत, कृपया सहकार्य करावं" अशा मजकुरावर आम्हाला काहीच ठरवता यायचं नाही. वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: कोणती एपीआय की, कोणते कॉल्स आणि कोणती तारीख.

पत्राआधी दोन गोष्टी बघा. पहिली, करारात किंवा अटींमध्ये व्हर्जन बंद करण्याआधी किती महिन्यांची सूचना द्यायची ते लिहिलेलं असतं का. सूचना त्याहून उशिरा आली असेल तर पत्राचं पहिलं वाक्य तेच. दुसरी, नेमकी वेळ. बरेच जण ती रिस्पॉन्सच्या हेडरमध्येच पाठवतात:

```
curl -s -D - -o /dev/null https://api.example.com/v1/shipments | grep -i sunset
Sunset: Tue, 31 Mar 2026 23:59:59 GMT
```

ही वेळ जीएमटीमधली आहे, म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलची पहाटे साडेपाच. पत्रात तारीख लिहिताना कोणती वेळ धरली ते लिहा.

आता खरं कारण शोधा. "डेव्हलपर कमी आहेत" हे कारण त्यांना पटत नाही, कारण ते सगळ्यांचंच असतं. तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकदा अडतं ते असं: सर्व्हरवरचे कॉल्स व्ही२वर गेलेले असतात, पण गोदामातल्या हँडहेल्डवरचं जुनं ॲप कुरिअरच्या पत्त्यावर थेट व्ही१ कॉल करतं. सर्व्हर तुमच्या हातात आहे, ती उपकरणं ग्राहकाच्या हातात. त्यात मार्चअखेर म्हटल्यावर कोणताही वितरक हिशेब मिटेपर्यंत ॲप बदलू देत नाही. हे कारण खरं आहे आणि तपासता येतं. तुमचं असंच असेल तर पत्र साधारण असं (आकडे तुमचे घाला):

> विषय: व्ही१साठी ३० एप्रिलपर्यंत मुदतवाढ, क्लायंट आयडी ४४१७
>
> नमस्कार,
>
> ट्रॅकिंग आणि लेबलचे आमचे सगळे कॉल्स व्ही२वर गेले आहेत. व्ही१वर फक्त `POST /v1/shipments` उरला आहे. तो १४० हँडहेल्डवरच्या जुन्या ॲपमधून येतो, दिवसाला साधारण २,००० कॉल्स. नवं ॲप तयार आहे, पण आमचे ग्राहक आर्थिक वर्ष संपेपर्यंत ते बसवू देत नाहीत. ६ एप्रिलपासून बसवायला सुरुवात करू.
>
> म्हणून फक्त या कीसाठी आणि याच एका कॉलसाठी ३० एप्रिल रात्री ११:५९ पर्यंत (भारतीय वेळ) व्ही१ चालू ठेवावं, ही विनंती. या काळात कॉल्सची मर्यादा आजच्या वापराइतकीच ठेवली तरी चालेल. दर सोमवारी उरलेल्या उपकरणांचा आकडा कळवू.

"फक्त या कीसाठी, याच एका कॉलसाठी" हे सगळ्यात कामाचं वाक्य. व्ही१ सगळ्यांसाठी चालू ठेवणं हा कंपनीचा निर्णय असतो, तो सपोर्टवाला घेऊ शकत नाही. एखादी की अपवादाच्या यादीत टाकणं बऱ्याच ठिकाणी टीम लीडच्या हातात असतं, जुना कोड अजून चालू असेल तर. तुम्ही मागणी जितकी छोटी कराल तितकी ती खालच्या पातळीवर मंजूर होते.

पत्र सपोर्टच्या तिकिटावर टाकाच, पण तुमचा अकाउंट मॅनेजर असेल तर त्यालाही पाठवा. शेवटच्या आठवड्यात पाठवू नका. तोवर त्यांचं बंद करण्याचं वेळापत्रक पक्कं झालेलं असतं.

काही वेळा मात्र पत्राचा उपयोग नसतो. व्ही१ सुरक्षेच्या कारणाने बंद होत असेल तर अपवाद मिळणं अवघड. आणि काही सेवांमध्ये वाढवायला मुदतच नसते: शॉपिफायमध्ये प्रत्येक स्थिर व्हर्जन किमान १२ महिने चालतं, नंतर जुन्या व्हर्जनची रिक्वेस्ट आपोआप चालू असलेल्या सगळ्यात जुन्या व्हर्जनवर जाते. तिथे व्हर्जन जुनं म्हणून एरर येत नाही, पण एखादं फील्ड गायब होऊन लेबल चुकीचं छापलं जाऊ शकतं. म्हणून २०० आलं की झालं असं समजू नका, रिस्पॉन्समधली फील्ड्स तपासा.

होकार फोनवर मिळाला तर लगेच मेल करून की, कॉल आणि तारीख लेखी घ्या. बंद करण्याआधी ते मध्येच काही मिनिटं व्ही१ थांबवून बघणार आहेत का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. तसं असेल तर त्या वेळा आधीच मागून घ्या, नाहीतर गोदामात ऐन डिस्पॅचच्या वेळी ॲप बंद पडेल आणि फोन तुम्हाला येतील.